धागा: काल फोटो टाकले, आज नव्या चॅटमध्ये विचारलं तर एआय भलतंच सांगतंय. फोटो गेले कुठं?

सेतवार_शोध (बीड)
जाणकारांनी जरा डोकं लावा. उर्दूतल्या जुन्या सेतवारच्या नकलेचे 14 फोटो काल एआयच्या चॅटमध्ये टाकले होते. त्यानं एकेक पान वाचून सर्वे नंबर, क्षेत्र, आकार, पट्टेदाराचं नाव असं मराठीत लिहून दिलं. तिसऱ्या पानावर सर्वे नंबर 112, क्षेत्र 12 एकर 23 गुंठे, त्यात पोटहिस्सा 1 ला 7 एकर 31 आणि पोटहिस्सा 2 ला 4 एकर 22 असं आलं होतं. चॅट फार लांबलं म्हणून आज नवं चॅट उघडलं आणि विचारलं, "कालच्या तिसऱ्या फोटोत 112 चं क्षेत्र किती आहे, पुन्हा बघून सांग." उत्तर आलं, 9 एकर 46 गुंठे. वर "फोटोत स्पष्ट दिसत आहे" हेही. अकाउंट तेच, फोन तोच, आणि कालचं चॅट बाजूच्या यादीत दिसतंय. मग फोटो त्याला का दिसेना?

मोंढ्यावरचा (लातूर)
46 गुंठे? 40 ला एकर होतो की हो. कोणत्या तलाठ्याकडं शिकलंय म्हणे हे?

गोदाकाठ (नांदेड)
मोंढ्यावरच्यांनी हसता हसता मुद्द्यावर बोट ठेवलंय. गुंठ्याचा आकडा 39 च्या वर गेला की समजायचं, पान वाचलेलं नाही, अंदाजानं भरलेलं आहे. तसंच आकाराच्या रकान्यात आणे 15 च्या वर जात नाहीत, 16 झाले की रुपया. पान वाचतानाही चूक होते, नाही असं नाही. पण ती बहुतेक एखाद्या अंकाची असते. इथं एकरही वेगळे आणि गुंठेही वेगळे आलेत. म्हणजे फोटो समोर नव्हताच.

आता का ते सांगतो. बाजूच्या यादीत जुनं चॅट दिसतं ते तुम्हाला. ती यादी वेबसाइटनं सांभाळलेली असते. एआयच्या पुढं मात्र दर वेळी एक गठ्ठा जातो, आणि त्यात फक्त त्या चॅटमधलं सगळं असतं: तुमचे प्रश्न, त्याची उत्तरं, टाकलेले फोटो. काल तुम्ही दहावा प्रश्न विचारला तेव्हाही 14 फोटो त्या गठ्ठ्यातून पुन्हा गेले होते, म्हणून त्याला ते दिसत होते. "लक्षात होते" असं नव्हे. आज नवं चॅट म्हणजे नवा गठ्ठा. त्यात तुमचं एकच वाक्य होतं. "तिसरा फोटो", "112", "क्षेत्र" एवढे शब्द मिळाल्यावर त्या धर्तीचं उत्तर त्यानं रचून दिलं.

पाटोदेकर
अहो एवढं काही नसतं त्यात. सेटिंगमध्ये जाऊन मेमरी चालू करायची. मग नव्या चॅटला जुनं सगळं आठवतं. मेमरी चालू असली की माझं नाव, गाव, पीक सगळं बरोबर सांगतं ते.

गोदाकाठ (नांदेड)
पाटोदेकर, अर्धं बरोबर आहे तुमचं. नाव, गाव, पीक हा मजकूर झाला. मेमरीत मजकुराच्या ओळी राहतात, "हे गृहस्थ जुन्या सेतवारचं वाचन करतात" अशा. काही ठिकाणी ते जुन्या चॅटमध्ये शोधूनही आणतं, पण हाती लागतं ते तिथं लिहिलेलं. फोटोचं चित्र सहसा येत नाही.

उलट अशा प्रसंगी मेमरीनं जास्त फसगत होते. मेमरी बंद असती तर बहुधा "मला फोटो दिसत नाही, पुन्हा टाका" असं उत्तर आलं असतं. मेमरीत "सेतवार, 14 पानं, बीड" एवढं असलं की उत्तराला खरेपणाचा रंग चढतो. तालुका बरोबर, कागदाचं नाव बरोबर, म्हणून आपण आकडाही खरा धरतो.

काळी_कसदार (परभणी)
माझे पण फोटो गेले. मोबाइल बदलला तर व्हॉट्सअॅपचे जुने चॅट आले पण फोटो नाही आले. बॅकअप कुठून घ्यायचा?

मोंढ्यावरचा (लातूर)
काळी_कसदार, तुम्ही चुकून शेजारच्या बांधावर आलात. इथं एआयच्या चॅटचं चाललंय. तरी सांगतो, जुना फोन जवळ असेल तर त्यातलं व्हॉट्सअॅप अजून काढू नका, फोटो त्यातच असतील.

लिपीकार (छत्रपती संभाजीनगर)
व्हॉट्सअॅप निघालंच आहे तर एक विचारते. सेतवार_शोध, हे 14 फोटो तुम्हाला व्हॉट्सअॅपवर आलेत का? तसं असेल तर नव्या चॅटमध्ये तेच पुन्हा टाकण्याआधी थांबा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअॅप ते दाबून लहान करतं. उर्दूत ब, प, त, न ही अक्षरं जोडून लिहिली की त्यांच्यातला फरक नुक्त्यांवर असतो, वर की खाली आणि एक, दोन की तीन. फोटो दाबला की तीन नुक्त्यांचा एक डाग होतो आणि पट्टेदाराचं नावच बदलतं. ज्यांनी फोटो काढले त्यांना सांगा, फोटो म्हणून न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी येते.

अंकांचंही तसंच. उर्दू दोन आणि तीन यांत एका दात्याचाच फरक असतो. शाई पसरली की तीनाचा दोन होतो.

सेतवार_शोध (बीड)
हो ताई, व्हॉट्सअॅपवरच आलेत. मूळ मागवतो. पण 14 च्या 14 पुन्हा टाकायचे का? कालच्याच चॅटमध्ये जाऊन विचारलं तर?

गोदाकाठ (नांदेड)
चालेल. एका क्षेत्राचा प्रश्न असेल तर जुनंच चॅट उघडून तिथं विचारा, फोटो तिथं आहेत. चॅट फार लांबलंय ही अडचण असेल तर एक सोपी युक्ती आहे. वर जाऊन फोटो टाकल्यानंतरचा तुमचा पहिला किंवा दुसरा प्रश्न शोधा, तो दुरुस्त करायची खूण दाबा आणि त्या जागी नवा प्रश्न लिहा. चॅटला तिथून फाटा फुटतो. फोटो फाट्याच्या वर राहतात म्हणून दिसत राहतात, आणि खालचं लांबण त्या फाट्यात येत नाही. फक्त फोटो ज्या संदेशात जोडलेत त्यालाच हात लावू नका, दुरुस्त करताना जोडणी सुटली तर मूळ दुखणं परत.

बालाघाट (अंबाजोगाई)
गोदाकाठ सर, याला एक पुस्ती. "जुन्या चॅटमध्ये फोटो आहेतच" हे कायम धरून चालू नये. गठ्ठ्याला मर्यादा असते. चॅट फारच वाढलं की काही साधनं सुरुवातीचा भाग गाळतात किंवा त्याचा सारांश करून ठेवतात. त्यात फोटो जातो, त्याबद्दल लिहिलेलं तेवढं राहतं. तुम्हाला वर सरकवल्यावर फोटो दिसतो, त्याला दिसत नसतो. म्हणजे नवं चॅट न उघडताही हेच होऊ शकतं.

सेतवार_शोध (बीड)
मग ओळखायचं कसं, की आत्ता फोटो त्याच्यापुढं आहे का नाही?

बालाघाट (अंबाजोगाई)
"फोटो दिसतोय का" असं विचारू नका, "हो" म्हणून मोकळं होतं. अंदाजानं सांगता येणार नाही असं काही विचारा. फोटो काढतानाच प्रत्येक पानाशेजारी कागदाची चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर ठळक "पान 3" आणि खाली एक शब्द, दर पानाला वेगळा: पळस, चिंच, बाभूळ. मग विचारायचं, "पान 3 च्या चिठ्ठीवर झाडाचं नाव कोणतं?" चिंच म्हणालं तर पान समोर आहे. आंबा म्हणालं तर उठा आणि फोटो पुन्हा टाका. मात्र ही नावं चॅटमध्ये आपण कुठंच लिहायची नाहीत, नाहीतर ते वाचूनच सांगेल.

चिठ्ठी नसेल तर उलटं विचारा. पानं 14 असताना "पंधराव्या फोटोत वरून दुसरी नोंद काय?" नोंद वाचून दाखवली की समजायचं, त्या चॅटमधल्या बाकी उत्तरांवरही भरवसा नको.

मोंढ्यावरचा (लातूर)
पंधरावा फोटो! परीक्षेत नसलेला प्रश्न घालून कोण कॉपी करायलंय ते पकडतात तसं झालं की.

लिपीकार (छत्रपती संभाजीनगर)
चिठ्ठीचा आणखी एक फायदा. "तिसरा फोटो" आणि "पान 3" एकच असतील असं नाही. गॅलरीतून फोटो निवडताना ज्या क्रमानं बोट लावाल त्या क्रमानं ते चढतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकताना क्रम हमखास बदलतो आणि कालच्या टिपणातलं "फोटो 3" आज भलत्याच पानाला लागू होतं. म्हणून फाइलला पानाचं नाव द्या आणि विचारताना पानाचा आकडाच वापरा.

मोसंबीबाग (जालना)
माझा प्रश्न वेगळा आहे पण याच जातीचा. मोसंबीच्या पानांचे फोटो दर आठवड्याला नव्या चॅटमध्ये टाकायलो आणि विचारायलो, "मागच्या आठवड्यापेक्षा पिवळेपणा वाढला का?" ते दर वेळी "थोडा वाढलेला दिसतो" म्हणतं. म्हणजे मागचा फोटो त्यानं बघितलाच नाही का?

गोदाकाठ (नांदेड)
नाही बघितला, मोसंबीबाग दादा. तुलनेला दोन्ही फोटो एकाच चॅटमध्ये, शक्यतो एकाच संदेशात पाहिजेत. आणि फोटोच्या आधी "हा 1 तारखेचा", "हा 8 तारखेचा" असं लिहा. पान त्याच फांदीचं, उजेड त्याच वेळचा. सकाळच्या आणि दुपारच्या फोटोत पिवळेपणा नुसत्या उन्हानंच बदलतो. "वाढला का" असं विचारलं की उत्तर "वाढला" कडंच झुकतं. त्यापेक्षा "दोन फोटोंत काय फरक आहे" एवढंच विचारा. बाकी मोसंबीसाठी वेगळा धागा काढा.

पाटोदेकर
बरं, मेमरीचं मान्य. पण प्रोजेक्ट करून त्यात फोटो ठेवले तर? प्रोजेक्टमधल्या सगळ्या चॅटला ते दिसतात. आता यात तरी खोट काढू नका.

गोदाकाठ (नांदेड)
खोट नाही, अट आहे. प्रोजेक्टला स्वतःची फाइल ठेवायची जागा असते. तिथं ठेवलेलं त्या प्रोजेक्टच्या प्रत्येक नव्या चॅटला मिळतं. पण प्रोजेक्टच्या आत एखादं चॅट उघडून त्या चॅटमध्ये फोटो टाकला तर तो त्या चॅटचाच, शेजारच्या चॅटला तो मिळेल असं धरू नका. इथंच बरेच जण अडकतात, कारण दोन्हीकडची जोडायची खूण सारखीच दिसते.

दुसरं म्हणजे पीडीएफ. 14 फोटोंची एक पीडीएफ करून प्रोजेक्टमध्ये ठेवली तर काही साधनं तिच्यातला फक्त मजकूर काढून घेतात. फोटोंच्या पीडीएफमध्ये मजकूर नसतोच, नुसती चित्रं असतात. म्हणजे फाइल यादीत दिसते आणि आतून कोरी. तुमच्या साधनात काय होतं ते बालाघाटांच्या चिठ्ठीनं तपासा.

पाटोदेकर
म्हणजे अट म्हणजे खोटच की.

संगणकवाला (धाराशिव)
स्वतः प्रोग्रॅम लिहून एपीआय वापरणाऱ्यांना हे उघडं दिसतं. तिथं बहुतेक ठिकाणी मागचं काहीच राहत नाही, दर विनंतीत मागचे सगळे संदेश आणि फोटो आपणच भरून पाठवायचे. विसरलात तर फोटो नाही, सरळ हिशेब. चॅटच्या पडद्यामागं हेच चालतं.

सेतवार_शोध, फोटो पुन्हा टाकायचेच आहेत तर नीट करून टाका. मोठा फोटो बहुतेक साधनं आत घेतानाच लहान करतात. 4000 पिक्सेल उंचीचं पान 1500 च्या आसपास आलं की लिपीकार ताईंचे नुक्ते गेलेच. म्हणून पान आडवं कापून दोन तुकडे करा. ImageMagick असेल तर, 3000 × 4000 च्या फोटोसाठी:

```
magick pan-03.jpg -auto-orient pan-03-ubha.jpg
magick pan-03-ubha.jpg -crop 3000x2200+0+0 +repage pan-03-var.jpg
magick pan-03-ubha.jpg -crop 3000x2200+0+1800 +repage pan-03-khali.jpg
```

दोन्ही तुकड्यांत मधला 400 पिक्सेलचा पट्टा सामाईक राहतो, म्हणजे कापावर आलेली ओळ कुठल्या तरी एका तुकड्यात अख्खी सापडते. फोनवरच कापणार असाल तर तेवढंच बघा, दोन ओळी दोन्हीकडं येऊ द्या.

लिपीकार (छत्रपती संभाजीनगर)
खालच्या तुकड्यात रकान्यांची शीर्षकं राहत नाहीत, हे लक्षात ठेवा. "उजवीकडून पहिला रकाना सर्वे नंबर, दुसरा क्षेत्र" असं लिहून द्यावं लागेल. उर्दू पान उजवीकडून सुरू होतं, शीर्षक नसलं की ते रकाने डावीकडून मोजायला लागतं आणि आकाराचे रुपये क्षेत्रात जाऊन बसतात.

बालाघाट (अंबाजोगाई)
सगळी पानं पुन्हा टाकायची गरज नाही, सेतवार_शोध. जुन्या चॅटमधून निघताना एक टिपण करून घ्या, ते नव्या चॅटमध्ये सुरुवातीला चिकटवा आणि ज्या पानावर शंका आहे तेवढंच पान सोबत जोडा. तुमच्याच पान 3 चं असं होईल:

पान 3. सर्वे 112. एकूण क्षेत्र 12 एकर 23 गुंठे (पानावरून वाचलं).
पोटहिस्सा 1: 7 एकर 31 गुंठे (पानावरून वाचलं).
पोटहिस्सा 2: 4 एकर 22 गुंठे (शंका, गुंठ्यांचा पहिला अंक पुसट).
पान 3 सोबत जोडलं आहे. बाकी पानं या चॅटमध्ये नाहीत, त्यांच्याबद्दल या टिपणाबाहेरचं काही सांगू नको.

शेवटचं वाक्य गाळू नका. ते असलं की न दिसणाऱ्या पानाबद्दल रचून सांगणं बरंच कमी होतं. अगदी थांबतं असं नाही.

शंकेची खूण मी नमुन्याला टाकलीय, तुमच्याकडं काय आलंय ते बघा.

सेतवार_शोध (बीड)
बालाघाट सर, नमुन्याला टाकलेली शंका बरोबर लागली! कालच्या चॅटमध्ये 4 एकर 22 च्या पुढं खरंच "पुसट" असं लिहिलंय.

गोदाकाठ (नांदेड)
मग बेरीज करून बघा. 31 आणि 22 गुंठे मिळून 53, म्हणजे 1 एकर 13 गुंठे. 7 आणि 4 एकर त्यात मिळवले की 12 एकर 13. एकूण तर 12 एकर 23 लिहिलंय. बरोबर 10 गुंठ्यांची तफावत. 22 च्या जागी 32 असेल तर बेरीज जुळते. लिपीकार ताईंचा दाता इथंच पडलेला दिसतो.

आणि आता नव्या चॅटचा खरा धोका बघा. फोटो न जोडता नुसतं टिपण नेलं असतं तर "4 एकर 22" हा आकडा मजकूर म्हणून पुढं गेला असता आणि कितीही वेळा "पुन्हा तपास" म्हटलं तरी तोच परत आला असता. तपासायला पान पाहिजे, ते तिथं नाही.

लिपीकार (छत्रपती संभाजीनगर)
बेरीज जुळते म्हणून 32 लिहून टाकू नका एवढ्यात. एकूण क्षेत्रातलाच दाता जास्तीचा वाचला असेल, 13 चे 23 झाले असतील, तरी तफावत 10 चीच येते. त्या दोन ओळींपुरता तुकडा कापून टाका आणि वाचायला सांगताना तुमचा आकडा सांगू नका. सांगितला की त्याला तोच दिसायला लागतो.

मोंढ्यावरचा (लातूर)
माणसांचंही तसंच आहे ताई. भाव सांगून माल दाखवला की तेवढ्याचाच दिसतो.

काळी_कसदार (परभणी)
जुन्या फोनमधल्या व्हॉट्सअॅपमध्ये सापडले फोटो. आभारी आहे. आणि हे सातबाऱ्यासारखे कागद असं कुठंही टाकणं बरं आहे का पण? नावं असतात की त्यात.

संगणकवाला (धाराशिव)
रास्त शंका. पट्टेदाराच्या नावाचा रकाना झाकूनही क्षेत्र वाचून घेता येतं, फोटोवर काळी पट्टी ओढायची. पण शोध नावाचाच असेल तर काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

पाटोदेकर
दर वेळी फोटो टाका, चिठ्ठ्या लावा, पट्ट्या ओढा, बेरजा करा. त्यापेक्षा उर्दू जाणणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या गुरुजींकडं नेलं तर एका बैठकीत होईल.

लिपीकार (छत्रपती संभाजीनगर)
पाटोदेकर, यावर मी तुमच्या बाजूची. कोर्टात किंवा तहसीलला लावायचं असेल तर उर्दू जाणकाराचं सही-शिक्क्याचं भाषांतर करून घ्यावंच लागेल. एआयचं वाचन कोणत्या पानावर काय आहे हे आपल्याला कळण्यापुरतं. 14 पानांतली कोणती तीन गुरुजींपुढं ठेवायची ते त्यावरून ठरवता येतं.

सेतवार_शोध (बीड)
मूळ फाइली डॉक्युमेंट म्हणून आल्या. पान 3 च्या त्या दोन ओळी कापून, आकडा न सांगता नव्या चॅटमध्ये टाकल्या. पोटहिस्सा 2 ला 4 एकर 32 आलं, एकूण 12 एकर 23 च. मग पंधराव्या फोटोचा प्रश्नही टाकून बघितला: "या संभाषणात एकच फोटो आहे" असं उत्तर आलं. कालच्या लांबलेल्या चॅटमध्ये तोच प्रश्न टाकला तर पंधराव्या पानावर सर्वे नंबर 131 आहे म्हणालं, पट्टेदाराच्या नावासकट.

बालाघाट (अंबाजोगाई)
म्हणजे त्या चॅटमधली सुरुवातीची पानंही गळालेली असू शकतात. काल शेवटी शेवटी वाचून घेतलेली पानं कोणती होती?

सेतवार_शोध (बीड)
11 ते 14.

बालाघाट (अंबाजोगाई)
ती वाचेपर्यंत फोटो गळालेले असू शकतात, म्हणून ती चार पुन्हा करा. एका चॅटला एक पान.